टेकू किती, परांची किती: एका दुरुस्ती-निविदेच्या तांत्रिक सादरीकरणाचं प्रकरण

डोंबिवलीतली एक सोसायटी. तळमजला अधिक चार, दोन विंग, चाळीस घरं, इमारतीचं वय तिशीच्या पुढे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण पाच वर्षांतून एकदा आणि तिशी ओलांडलेल्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा करावं लागतं. तसं परीक्षण झालं, सल्लागार अभियंत्याने अहवाल दिला, सर्वसाधारण सभेत ठराव झाला आणि दोन लिफाफ्यांची निविदा निघाली. पहिल्या लिफाफ्यात तांत्रिक प्रस्ताव, दुसऱ्यात दर. तांत्रिक प्रस्ताव नुसता द्यायचा नव्हता, तर समितीसमोर अर्ध्या तासात मांडायचा होता. शंभरपैकी सत्तर गुण मिळाले तरच दराचा लिफाफा उघडणार होता.

या सादरीकरणाच्या तयारीसाठी माझ्याकडे आलेला कंत्राटदार लहान होता. स्वतः मिस्त्रीकामातून वर आलेला, पंधरा वर्षं दुरुस्तीचीच कामं केलेला, हाताखाली बावीस माणसं. काम उत्तम. पण आदल्या वर्षी तो दोन सोसायट्यांत तांत्रिक गुणांवरच बाद झाला होता. सादरीकरणाला अकरा दिवस उरले असताना तो लॅपटॉप घेऊन आला आणि म्हणाला, "सर, बेचाळीस स्लाइड झाल्यात. आता फक्त नजर टाका."

त्या बेचाळीस स्लाइडमधल्या पहिल्या नऊ पानांवर कंपनीची ओळख, प्रमाणपत्रं आणि झालेल्या कामांचे फोटो होते. कार्यपद्धतीची अकरा पानं कुठल्यातरी मोठ्या निविदेतून आली होती, कारण त्यांत टॉवर क्रेन आणि रेडिमिक्सचा पंप होता. या इमारतीत दोन्हींची गरज नव्हती. मनुष्यबळाच्या तक्त्यात प्रकल्प व्यवस्थापक, नियोजन अभियंता, गुणवत्ता व्यवस्थापक आणि सुरक्षा अधिकारी अशा चार चौकटी होत्या. त्यांतल्या दोन त्याच्या मेहुण्याच्या नावावर होत्या आणि एक अशा अभियंत्याच्या नावावर, जो तेव्हा ठाण्यात दुसऱ्याच कामावर होता. यंत्रसामग्रीत "परांची: पुरेशी, टेकू: आवश्यकतेनुसार" एवढंच होतं. शेवटी सात महिन्यांचा रंगीत वेळापत्रक तक्ता.

यातलं एकेक पान वेगळं वाचलं तर फारसं काही खटकत नाही. चारही भाग शेजारी ठेवले की मात्र ते एकमेकांना खोटं पाडतात. वेळापत्रकात दोन्ही विंगचं बाहेरचं काम एकाच वेळी चाललेलं होतं. मी विचारलं, "दादा, तुमच्या गोदामात परांची किती?" उत्तर आलं, "एका विंगला पुरून दहा-बारा फूट उरेल इतकी." सगळं प्रकरण या एका वाक्यात होतं. पुढचे दहा दिवस आम्ही तेच सोडवत बसलो.

कामाचा आकार

एका विंगचा घेर बाहेरून 72 मीटर आणि कठड्यापर्यंतची उंची 16 मीटर. म्हणजे एका विंगची बाहेरची भिंत साधारण 1,150 चौरस मीटर, जवळजवळ 12,400 चौरस फूट. निविदेत दोन्ही विंग मिळून 18,000 चौरस फूट बाहेरचा गिलावा काढून नवा करायचा होता. बीम, छज्जे आणि बाल्कन्यांच्या गंजलेल्या सळयांसाठी 3,000 चौरस फूट पॉलिमर मॉर्टर, तळमजल्यावर बारा कॉलमना मायक्रोकाँक्रीटचं, म्हणजे बारीक खडीच्या ओतीव काँक्रीटचं जॅकेट, 6,500 चौरस फूट गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि शेवटी रंग. घरं रिकामी होणार नव्हती. चाळीस कुटुंबं आत राहत असतानाच हे सगळं करायचं होतं.

दिवाळी आटोपून 15 नोव्हेंबरला सुरुवात आणि मेअखेर शेवट, असं निविदेत होतं. मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख 11 जून, त्यामुळे ही मुदत रास्तच वाटत होती. पण निविदेपूर्वीच्या स्थळभेटीत सोसायटीच्या खजिनदार ताई एक गोष्ट बोलल्या होत्या, आणि ती कंत्राटदाराने वहीत लिहून ठेवली होती. त्या स्वतः शिक्षिका. "फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत बारावी-दहावीच्या परीक्षा असतात. आमच्याकडे सहा मुलं आहेत. त्या काळात ठोकाठोक चालणार नाही." एरवीही तोडफोड दिवसातून पाच तासच करायची होती, सकाळी दहा ते एक आणि दुपारी तीन ते पाच.

वहीत लिहिलेलं हे वाक्य बेचाळीसपैकी एकाही पानावर नव्हतं. वास्तविक कामाची खरी मुदत तेच वाक्य ठरवत होतं. तोडफोडीसाठी मेअखेरची तारीख निरुपयोगी होती. 10 फेब्रुवारीनंतर छिन्नी चालणार नव्हती, आणि 15 नोव्हेंबरपासून तोवर रविवार व सुट्ट्या वगळता कामाचे दिवस होते सुमारे 73.

परांचीचा हिशेब

आधी आम्ही त्याच्याकडे होती तेवढ्याच परांचीवर काम बसवून पाहिलं. आधी पहिली विंग, मग तीच परांची सोडवून दुसरीला. दुसऱ्या विंगची तोडफोड परीक्षा संपल्यावर, म्हणजे 20 मार्चच्या सुमारास सुरू होणार.

त्याच्या माणसांचा वेग तो बोटांवर सांगत होता आणि मी कागदावर उतरवत होतो. पाच तासांच्या दिवसात एक माणूस 60 चौरस फूट गिलावा उतरवतो. पाच माणसं लावली तर दिवसाला 300, म्हणजे 9,000 चौरस फुटांना तीस दिवस. मागोमाग पॉलिमर मॉर्टर, त्याच्या मागे गिलावा. बाहेरचा दोन थरांचा गिलावा एक मिस्त्री दिवसाला 70 चौरस फूट पुरा करतो. चार मिस्त्री असले तर 9,000 ला बत्तीस दिवस. कामं एकमेकांवर चढवूनही गिलावा 17 मेच्या आसपास संपत होता. त्यावर सात दिवस पाणी मारायचं आणि नंतर भिंत सुकायला तीन-चार आठवडे द्यायचे. ओल्या गिलाव्यावर रंग लावला तर पहिल्याच पावसाळ्यात फुगे येतात आणि पापुद्रे सुटतात. म्हणजे दुसऱ्या विंगचा रंग जूनच्या मध्यावर, ऐन पावसात.

म्हणून एका विंगच्या परांचीत हे काम मुदतीत होणं शक्य नव्हतं. मिस्त्री वाढवून गिलाव्याचे दिवस कमी होतात, पण पाणी मारण्याचे आणि सुकण्याचे होत नाहीत. दोन्ही विंगना एकाच वेळी परांची बांधणं हाच मार्ग होता, आणि त्यासाठी दुसऱ्या विंगपुरती लोखंडी कपलॉक परांची भाड्याने घ्यावी लागणार होती.

इथे कंत्राटदार अडला. "भाडं दरात घातलं की आपण महाग पडणार. बाकीचे कुठे घालणार आहेत?" त्याची भीती खरी होती. मी त्याला उलट विचारलं, की भाडं दरात न घालता काम मिळालं तर जानेवारीत काय करणार? तो बराच वेळ गप्प बसला. मग त्यानेच उपाय काढला, आणि तो माझ्या डोक्यात आलेला नव्हता. भाड्याची परांची बी विंगला लावायची आणि प्रत्येक टप्प्यात बी विंगला आधी हात घालायचा. तोडफोड आधी बी, मॉर्टर आधी बी, गिलावा आधी बी, रंगही आधी बी. म्हणजे बी विंग मार्चअखेर मोकळी होईल आणि भाडं साडेचार महिन्यांत थांबेल. ए विंगवर त्याची स्वतःची परांची, ती एप्रिलच्या मध्यापर्यंत राहिली तरी खर्च वाढत नव्हता.

आता यंत्रसामग्रीच्या पानावर "पुरेशी" हा शब्द राहिला नाही. तिथे आलं: ए विंग, 72 मीटर घेर, स्वतःची, बी विंग, 72 मीटर घेर, भाड्याची, पुरवठादाराच्या उपलब्धतेच्या पत्रासह, 12 नोव्हेंबर ते 31 मार्च. दोन्हीकडे दुहेरी पायांची परांची, म्हणजे आडवे बांबू किंवा पाइप भिंतीत खुपसायला नकोत आणि नव्या गिलाव्यात नंतर भोकं बुजवायला नकोत. बुजवलेल्या त्या भोकांतून पुढे पाणी मुरतं, हे ज्यांच्या घरात मुरलं आहे त्यांना सांगावं लागत नाही.

भाड्याची रक्कम मात्र पानावर कुठेही येऊ दिली नाही. आधीच्या मसुद्यात एका कोपऱ्यात मायक्रोकाँक्रीटच्या पिशवीची किंमत राहून गेली होती. तांत्रिक लिफाफ्यात दराचा मागमूस दिसला की प्रस्ताव बाद होऊ शकतो. आम्ही प्रत्येक पान, प्रत्येक फोटो आणि पत्राची प्रत्येक प्रत त्या एका नजरेने पुन्हा तपासली.

टेकू कोणाच्या घरात

सगळ्यांत जास्त वेळ बारा कॉलमनी घेतला. जुन्या मसुद्यात त्यांच्यासाठी एकच वाक्य होतं, "कॉलम दुरुस्तीपूर्वी पुरेसे टेकू दिले जातील." तळमजल्याचा कॉलम फोडायचा तर त्याच्यावर चारही मजल्यांचं वजन बसलेलं असतं. फक्त तळमजल्याच्या बीमखाली टेकू लावले तर त्या एका मजल्याचा भार कमी होतो, वरचा कॉलमातूनच येत राहतो. म्हणून त्या कॉलमला येऊन मिळणाऱ्या बीमना प्रत्येक मजल्यावर, एकाच्या बरोबर वर दुसरा, असे टेकू द्यावे लागतात. सल्लागाराच्या आराखड्यात एका कॉलमभोवती मजल्याला जास्तीत जास्त आठ टेकू होते. पाच मजल्यांचे चाळीस.

आणि हे चाळीस टेकू लोकांच्या दिवाणखान्यात, स्वयंपाकघरात, पलंगाच्या जागी उभे राहणार होते.

कंत्राटदाराकडे लोखंडी टेकू होते साठ, म्हणजे एका वेळी एकच कॉलम. एका कॉलमचं चक्र बारा दिवसांचं: टेकू लावणं, दोन दिवस फोडणं, सळया घासून गंजरोधक लेप, लागतील तिथे नव्या सळया, शटरिंग, मायक्रोकाँक्रीट ओतणं, दोन दिवसांनी शटरिंग उघडणं, मग ओलं पोतं गुंडाळून सात दिवस. यातले शेवटचे एकदोन दिवस पुढच्या चक्राच्या तयारीत मिसळतात, तरी चक्र बाराच्या खाली जात नाही. बारा कॉलम एकेक करून 144 दिवस, म्हणजे ऐन परीक्षेत फोडाफोड आणि एप्रिलपर्यंत घरात टेकू. दोन कॉलम एकत्र घेतले तर सहा फेऱ्या आणि 72 दिवस. 20 नोव्हेंबरला पहिली फेरी धरली तर शेवटच्या फेरीतलं फोडणं 20 जानेवारीच्या आसपास संपतं.

दोन कॉलम एकत्र म्हणजे शेजारचे नव्हेत. आम्ही एक ए विंगमधला आणि एक बी विंगमधला अशी जोडी लावली. दोन्ही विंगचे सांगाडे वेगळे असल्याने एकाच्या फोडण्याचा दुसऱ्याशी संबंध येत नाही. त्यासाठी ऐंशी टेकू हवे होते. वीस कमी पडत होते, आणि खराब निघणाऱ्यांसाठी दहा वर, असे तीस टेकू घ्यायचं ठरलं.

कार्यपद्धतीत आणखी एक गोष्ट घातली, कारण तिथे मी एका दुसऱ्या कामावर हात पोळून घेतले आहेत. तळमजल्याची लादी स्लॅबवर नसते, मुरुमाच्या भरावावर असते. तिच्यावर नुसता टेकू उभा केला तर भार आला की तो खचतो, आणि वरचे चार मजले टेकू असूनही बिनटेकूचे होतात. म्हणून तळमजल्याच्या टेकूंखाली भार पसरवणारे लोखंडी चॅनेल टाकायचे. टेकू खचला हे डोळ्यांना दिसत नाही. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी प्रत्येक टेकूवर हातोडी मारून ऐकायची. घट्ट टेकू खणकतो, सैल झालेला बद्द वाजतो. बद्द वाजला की त्या दिवशी आधी तो आवळायचा आणि मगच छिन्नी हातात घ्यायची. वहीत सही कोणाची, तर मुकादमाची. स्लाइडवर हे चार ओळींत बसलं.

मग आम्ही एक असं पान केलं जे मी याआधी कुणाच्याही सादरीकरणात पाहिलं नव्हतं. सहा फेऱ्यांच्या तारखा वर, आणि खाली प्रत्येक फेरीत कोणकोणत्या घरांत टेकू लागणार त्यांचे क्रमांक, कोणती खोली आणि किती दिवस. यासाठी कंत्राटदार पुन्हा एकदा सोसायटीत गेला आणि रखवालदाराच्या केबिनमध्ये बसून मजल्यांच्या नकाशावर कॉलमच्या खुणा जुळवत होता. अर्धा दिवस गेला.

मॉर्टर आणि तीन थांबे

पॉलिमर मॉर्टरची पद्धत कंत्राटदार झोपेतही सांगेल. गंजलेल्या सळईमागे बोट जाईल इतकं काँक्रीट काढायचं, सळई तारेच्या ब्रशने घासायची, धुवायची, गंजरोधक लेपाचे दोन हात, मग बाँडिंग कोट, आणि तो चिकट असतानाच मॉर्टर दाबायचं. एका वेळी दहा-बारा मिलिमीटरपेक्षा जाड थर नाही, म्हणजे वीस मिलिमीटरला दोन दिवस. बाँडिंग कोट वाळला तर तोच चिकटवायच्या ऐवजी दोन थर वेगळे ठेवतो. वरून काहीच कळत नाही, आठवड्याने हातोडी ठोकली की पोकळ आवाज येतो. ऊन्हाच्या बाजूला हे हमखास होतं, म्हणून पश्चिमेच्या भिंतीचं मॉर्टर सकाळी आणि पूर्वेचं दुपारनंतर, असं आम्ही लिहिलं.

पण समितीला पद्धत सांगण्यापेक्षा कामावर खरा घोळ कुठे होतो ते सांगणं गरजेचं होतं. सळई उघडी झाली की सल्लागाराने ती बघून मोजमाप घ्यायचं असतं. एकदा लेप बसला की सळई किती खाल्ली गेली होती आणि फोडलेलं क्षेत्र किती होतं, यावर नंतर वाद होतो. तो येईपर्यंत मिस्त्री बसून राहतात, किंवा थांबत नाहीत आणि लेप मारून मोकळे होतात. दोन्ही वाईट. सल्लागार या सोसायटीत मंगळवारी आणि शुक्रवारी येणार होता, हे निविदेतच होतं. म्हणून आम्ही प्रत्येक विंगचे आठ तुकडे पाडले, बाजू आणि उंचीप्रमाणे, आणि तोडफोड अशी लावली की तुकडा सोमवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी उघडा होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी. तीन थांबे ठरवले: सळई उघडी झाल्यावर, गंजरोधक लेपानंतर, आणि मॉर्टर झाल्यावर सातव्या दिवशी ठोकून. मधल्या थांब्यासाठी त्याच्या भेटीची वाट न पाहता तारीख-वेळ दिसणारे फोटो चालतील का, हा प्रश्न आम्ही सादरीकरणातच विचारायचा असं ठेवलं.

माणसं

चार चौकटी काढून टाकल्या. त्याऐवजी लिहिलं की कंत्राटदार स्वतः रोज सकाळी साइटवर असेल, पदविकाधारक अभियंता पूर्णवेळ याच कामावर असेल (त्याच्या सहीचं संमतिपत्र जोडलं), एक पर्यवेक्षक, दोन मुकादम. मेहुणा माल आणि हिशेब पाहील, आणि तसंच लिहिलं.

मग महिन्यागणिक माणसं मोजली. सगळ्यांत जास्त गर्दी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात होती. गिलावा उतरवणारे सहा, मॉर्टरच्या प्रत्येकी तिघांच्या तीन जोड्यांचे नऊ, गिलाव्याचे पाच मिस्त्री आणि दहा बिगारी, कॉलमवर पाच. एकूण पस्तीस. त्याच्याकडे बावीस. आधीच्या तक्त्यात हे झाकलेलं होतं, कारण तिथे फक्त पदं होती, आकडे नव्हते. उरलेली तेरा माणसं कुठून येणार, हे त्याने सरळ लिहिलं: गिलाव्याची टोळी बाहेरच्या मुकादमाची, ज्याच्याबरोबर याआधी तीन कामं केली, त्याचं पत्र सोबत. गिलावा उतरवणारे सहा जण जानेवारीच्या मध्यावर मोकळे होतात, ते तिथून गिलाव्यावर बिगारी म्हणून जातील. माझ्या अनुभवात लहान कंत्राटदार बाहेरची टोळी लपवतात, जणू तो कमीपणा आहे. समितीला ती कळतेच, फक्त उशिरा आणि चुकीच्या वेळी.

सादरीकरण

शेवटी चौदा पानं राहिली. कंपनीची ओळख एका पानावर, तीही केवळ अशा तीन कामांची जिथे माणसं आत राहत होती. बोलणार तोच, मी मागे बसलेलो.

सचिव काका, रेल्वेतून निवृत्त झालेले, पहिली दहा मिनिटं चष्मा पुसत होते. टेकूंच्या घरक्रमांकांचं पान आलं तेव्हा ते पुढे सरकले. "म्हणजे माझ्या घरी 2 ते 13 डिसेंबर?" "हो काका. मागच्या खोलीत आठ टेकू. कपाट हलवावं लागेल, माणसं आम्ही देऊ." त्यानंतर समितीतल्या प्रत्येकाने आपापला क्रमांक शोधला, आणि पुढची पाच मिनिटं खोलीत कामाचीच चर्चा झाली.

सल्लागाराने विचारलं ते अपेक्षित होतं: "3,000 चौरस फूट मॉर्टर हा अंदाज आहे. गिलावा उतरवल्यावर जास्त निघालं तर?" त्याचं उत्तर वेळापत्रकाच्या पानावर होतं. तीन जोड्या, प्रत्येकी 25 चौरस फूट, दिवसाला 75, म्हणजे चाळीस दिवस. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात, जानेवारीअखेर शेवट. 10 फेब्रुवारीपर्यंत दहा दिवस मोकळे, त्यांत आणखी सहाशे-सातशे चौरस फूट बसतं. त्यापुढे वाढलं तर चौथी जोडी, आणि हे 31 डिसेंबरच्या मोजमापावर ठरेल, कारण तोवर निम्म्याहून जास्त भिंत उघडी असेल. फोटोंचा थांबा सल्लागाराने मान्य केला, मात्र प्रत्येक फोटोत तुकड्याचा क्रमांक लिहिलेली पाटी हवी, ही अट घालून. ती आम्ही तिथेच लिहून घेतली.

पाचांपैकी तिघांचे दराचे लिफाफे उघडले. आमचा दर मधला होता. वाटाघाटी झाल्या आणि काम मिळालं.

साइटवर काय झालं

31 डिसेंबरच्या मोजमापात मॉर्टरचा अंदाज 4,100 चौरस फुटांवर गेला. बी विंगची पश्चिमेची बाजू अपेक्षेपेक्षा फार खराब निघाली, छज्ज्यांच्या वरच्या सळया जवळजवळ संपलेल्या होत्या. चौथी जोडी 2 जानेवारीला लागली. शेवटची छिन्नी 7 फेब्रुवारीला थांबली. टेकूंच्या फेऱ्यांत एकदा चुकलं: तिसऱ्या फेरीत एका घराचे लोक गावाला गेले, किल्ली मिळायला दोन दिवस गेले आणि पुढच्या सगळ्या तारखा दोन दिवसांनी सरकल्या. त्या पानावर किल्लीचा विचार आम्ही केलाच नव्हता.

दुसरी उणीव एप्रिलमध्ये उघडी पडली. गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं की तिच्यावर पाणी साठवून चाचणी घ्यायची असते. 6,500 चौरस फुटांवर पन्नास मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण 30,000 लिटर, दहा हजार लिटरचे तीन टँकर. एप्रिलमध्ये सोसायटीलाच पाणी एक दिवसाआड येत होतं. पाणी कोणी द्यायचं हे ना निविदेत होतं, ना आमच्या चौदा पानांत. समितीत त्यावरून दोन बैठका झाल्या. शेवटी कंत्राटदाराने ए विंगची गच्ची दीड टँकरात भरली, तीन दिवस ठेवली, खालच्या घरांची छतं तपासली, आणि तेच पाणी पंपाने बी विंगच्या गच्चीवर चढवलं. कमी पडलं तेवढं उरलेल्या अर्ध्या टँकरातून घातलं. चाचणी संपल्यावर ते पाणी झाडांना गेलं.

त्याच्या पुढच्या निविदेसाठी आम्ही मागच्या आठवड्यात बसलो. यावेळी पंधरा पानं आहेत. टेकूंच्या पानावर एक नवा रकाना आहे, "किल्ली कोणाकडे", आणि पंधरावं पान पाण्याचं आहे: कोणत्या महिन्यात कोणत्या कामाला किती लिटर, आणि ते कोण देणार.